संप, पंप आणि सव्वाचार मिनिटं

"खड्डा लहान पडला, साहेब. दुप्पट करायचा ठरावही झालाय. तुम्ही फक्त माप सांगा," सेक्रेटरी म्हणाले.

मुंबईच्या उपनगरातली एक सोसायटी. तळघरात गाड्या. आठवड्यापूर्वीच्या रात्री तळघरात घोट्याच्या वर पाणी चढलं होतं. लिफ्टचा खड्डा भरला होता आणि खाली उभ्या असलेल्या काही गाड्यांचं वायरिंग गेलं होतं. ज्यात सांडपाणी नव्हे, तर फक्त पावसाचं आणि पाझराचं पाणी गोळा होतं, अशा तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याला आपल्याकडे 'संप' म्हणतात. इंग्रजी शब्दाचा हा मराठी अवतार ऐकला की मला गिरण्यांचा काळ आठवतो. पण या इमारतीत संप खड्ड्याने नव्हे, पंपांनीच केला होता, आणि तोही कुणाला न सांगता.

खड्डा दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर खोल होता. आत तीन-तीन एचपीचे दोन बुडीत पंप. मी सेक्रेटरींना विचारलं, "हा खड्डा तोंडापर्यंत रिकामा असेल तर त्यात किती पाणी मावेल?" कमिटीतल्या एका काकांनी तोंडी हिशेब केला: पाच हजार चारशे लिटर. बरोबर. "आणि जोराच्या पावसात या खड्ड्यात मिनिटाला किती पाणी येतं?" याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते माहीत नसताना खड्डा दुप्पट करण्याचा ठराव मात्र झाला होता.

गावाकडे विहिरीवर इंजिन बसवताना जाणता शेतकरी आधी झरा किती ते बघतो आणि मग उपसा ठरवतो. तळघराचंही तेच आहे. फरक इतकाच की इथला झरा आभाळातून येतो आणि तो मिनिटागणिक बदलतो.

तळघराला छप्पर असतं, मग पाऊस आत येतो कुठून? मुख्यतः रॅम्पवरून. या इमारतीचा गाड्या उतरण्याचा रॅम्प सहा मीटर रुंद, वीस मीटर लांब आणि उघडा होता. म्हणजे १२० चौरस मीटर. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण रॅम्पच्या कडेलगत इमारतीची पाच मजली भिंत सरळ वर गेली होती, वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर उंच. मुंबईचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर तिरका येतो, भिंतीवर आपटतो आणि ओघळत खाली रॅम्पवर उतरतो. म्हणून अशा भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ हिशेबात धरायची पद्धत आहे. तीनशे चौरस मीटरचे निम्मे दीडशे. म्हणजे पाणी गोळा करणारं क्षेत्र १२० नव्हे, २७० चौरस मीटर झालं. भिंत विसरली की हिशेब निम्म्याहून कमी भरतो, आणि ती विसरलेली मी अनेक नकाशांत पाहिली आहे.

आता पाऊस किती धरायचा? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा मुंबईत सगळ्यांच्या ओठांवर असतो, पण पंप निवडायला तो कामाचा नाही. २४ ने भागला तर तासाला सरासरी चाळीस मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. खड्ड्याला दिवसाची सरासरी कळत नाही. त्याला त्या दिवसातली सर्वांत वाईट दहा मिनिटं सोसायची असतात. म्हणून लहान क्षेत्रासाठी मोजक्या मिनिटांची तीव्रता धरतात. इथे मी मिनिटाला दोन मिलिमीटर, म्हणजे तासाला १२० च्या वेगाचा पाऊस धरला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, त्यामुळे पुढचा हिशेब शाळकरी आहे. २७० गुणिले २, मिनिटाला ५४० लिटर.

त्यात जमिनीतून भिंती-फरशीवाटे येणारा पाझर मिळवायचा. त्यासाठी अंदाज बांधायची गरज नसते, तो मोजता येतो. पाऊस थांबल्यावर काही तासांनी, रॅम्पवरून पाणी येणं बंद झालं की पंप बंद ठेवायचे आणि खड्ड्यातली पातळी दहा मिनिटांत किती चढते ते पट्टीने बघायचं. आमची पातळी दहा सेंटिमीटर चढली. खड्ड्याचा तळ तीन चौरस मीटर, म्हणजे तीनशे लिटर, मिनिटाला तीस. एकूण झालं मिनिटाला ५७० लिटर.

आता मघाचा प्रश्न पुन्हा विचारू. पाच हजार चारशे लिटरचा खड्डा, तोही पूर्ण रिकामा, या वेगाने साडेनऊ मिनिटांत भरतो. दुप्पट केला तर एकोणीस मिनिटांत. पाऊस तासभर पडणार असेल तर साडेनऊ आणि एकोणीस यांत तळघराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पाणी साठवून पूर टाळायचा तर खड्डा नव्हे, तळघराखाली दुसरं तळघर खणावं लागेल. पाण्याला उत्तर पंप देतो. खड्डा पंपासाठी असतो.

पंप मिनिटाला निदान ५७० लिटर उपसणारा हवा. आपण ६०० धरू. पण दुकानात जाऊन "तीन एचपीचा द्या" म्हणून भागत नाही. एचपी म्हणजे बैलाची ताकद. मोट किती मोठी आणि विहीर किती खोल हे त्यावरून कळत नाही. तीन एचपीचा एक पंप थोडं पाणी दहाव्या मजल्यावर नेईल, दुसरा तेवढ्याच एचपीचा पंप पुष्कळ पाणी दोन मजले चढवेल. आपल्याला दुसरा हवा. खड्ड्यातल्या सर्वांत खालच्या पातळीपासून तळघराची फरशी एक मीटर चाळीस, तिथून जमीन तीन मीटर साठ, आणि पाइप जमिनीच्या वर अर्धा मीटर उचलून मग बाहेर सोडलेला. एकूण उचल साडेपाच मीटर. हा अर्धा मीटरचा वळसा मुद्दाम ठेवतात, म्हणजे रस्ता तुंबला तर रस्त्यावरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली उतरत नाही.

याशिवाय पाइपातलं घर्षण असतं. चार इंची पाइपातून मिनिटाला ६०० लिटर नेताना, चाळीस मीटर लांबी आणि वाटेतली वळणं-व्हॉल्व्ह धरून, जवळपास दीड मीटर उचल फुकट जाते. हाच पाइप तीन इंची घेतला तर घर्षण चौपटीच्या आसपास पोहोचतं आणि पाच मीटरहून जास्त उचल तिथेच संपते. पाइपात वाचवलेला एक इंच पंप आयुष्यभर फेडत राहतो. आमच्याकडे पाइप चार इंची होता. साडेपाच अधिक दीड म्हणजे सात, थोडी सवलत धरून आठ मीटरवर मिनिटाला ६०० लिटर देणारा पंप हवा. असा गाळ-पाण्याचा पंप सव्वादोन एचपीच्या जवळपास ताकद घेतो, म्हणून तीन एचपीची मोटर योग्य. पंप बनवणारी कंपनी प्रत्येक मॉडेलचा आलेख देते. त्यावर आठ मीटरच्या रेघेवर किती लिटर मिळतात ते बघायचं. कमिटीच्या फायलीत तो कागद सापडला. पंप योग्यच निवडलेले होते.

मग खड्डा किती मोठा हवा? इथे एक गंमत आहे. खड्ड्याचं माप पावसावरून ठरत नाही, मोटरच्या दमावरून ठरतं. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तापते. ती वारंवार चालू-बंद होत राहिली तर वाइंडिंग जळतं. म्हणून तासाला किती वेळा चालू करायची याला मर्यादा असते, आणि ती पंपाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. आपण दहा धरू. म्हणजे दोन सुरुवातींमध्ये निदान सहा मिनिटं जायला हवीत.

पंप सर्वांत जास्त वेळा कधी चालू-बंद होईल? वाटतं की धो-धो पावसात. तसं नाही. धो-धो पावसात तो थांबतच नाही. रिपरिप पावसात खड्डा भरायलाच वेळ लागतो. सर्वांत वाईट वेळ मधली, येणारं पाणी पंपाच्या ताकदीच्या बरोबर निम्मं असतं तेव्हाची. मिनिटाला ३०० लिटर येत आहेत आणि पंप ६०० उपसतो आहे असं समजा. पंप बंद असताना पाणी मिनिटाला ३०० ने चढतं, चालू असताना मिनिटाला ३०० ने उतरतं. चढायला तीन मिनिटं आणि उतरायला तीन मिनिटं मिळावीत म्हणून या दोन पातळ्यांमध्ये ९०० लिटर पाणी मावायला हवं. बस्स, तेच खड्ड्याचं कामाचं माप. थोडक्यात, पंपाचा मिनिटाचा उपसा गुणिले दोन सुरुवातींमधली मिनिटं, भागिले चार. खड्ड्याचा तळ तीन चौरस मीटर असेल तर ९०० लिटर म्हणजे फक्त तीस सेंटिमीटर उंची.

सेक्रेटरींना हे पटेना. "फक्त एक फूट? मग बाकीचा खड्डा कशाला?"

बाकीच्या खड्ड्यातच सगळी गोष्ट दडलेली आहे. तळापासून मोजत वर जाऊ. पहिले चाळीस सेंटिमीटर पाणी कायम राहतं, कारण बुडीत पंपाची मोटर पाण्यातच थंड होते. तिला उघडी पाडायची नाही, हवाही ओढू द्यायची नाही. चाळीसवर पंप थांबतो. सत्तरवर पहिला पंप, ज्याला ड्यूटी पंप म्हणतात, तो चालू होतो. पंच्याऐंशीवर दुसरा, म्हणजे स्टँडबाय. एक मीटरवर हूटर वाजतो. एक मीटर वीसवर रॅम्पच्या पायथ्याच्या जाळीखालून येणारी नाली खड्ड्यात उघडते, आणि एक मीटर ऐंशीवर तळघराची फरशी. हूटर नालीच्या तोंडाखाली ठेवला आहे, कारण पाणी नालीत मागे फुगायला लागल्यावर इशारा मिळाला तर तो उशिराच मिळाला.

आता दोन्ही पंप बंद आहेत, हूटर वाजला आहे आणि पाऊस पूर्ण जोरात आहे असं समजा. एक मीटरपासून फरशीपर्यंत ऐंशी सेंटिमीटर उरले, म्हणजे २,४०० लिटर. मिनिटाला ५७० ने ते सव्वाचार मिनिटांत भरतात. तेवढ्या वेळात वॉचमनने हूटर ऐकायचा, खाली उतरायचं, काय झालं ते ओळखायचं आणि पंप चालू करायचा. त्यानंतर ६०० चौरस मीटरच्या फरशीवर साधारण दर साडेदहा मिनिटांना एक सेंटिमीटर पाणी चढतं. ऐकायला ते संथ वाटतं, पण लिफ्टचा खड्डा फरशीपेक्षा खाली असतो आणि पाणी आधी तिकडेच धावतं.

सव्वाचार मिनिटांत मुंबईत रिक्षासुद्धा मिळत नाही. म्हणून हूटर हा शेवटचा इशारा धरायचा, पहिला नव्हे. पहिला इशारा पंच्याऐंशीवर मिळायला हवा, स्टँडबाय पंप चालू झाला त्याच क्षणी. कारण स्टँडबाय चालू झाला याचा अर्थ दोनपैकी एकच असतो: ड्यूटी पंप पडला आहे, किंवा हिशेबात धरल्यापेक्षा जास्त पाणी येत आहे. दोन्ही बातम्या वॉचमनच्या खोलीत पिवळा दिवा लावण्याइतक्या मोठ्या आहेत. पण अनेक पॅनेलांमध्ये हा दिवाच नसतो. स्टँडबाय मुकाट्याने चालू होतो, काम करतो, बंद होतो. सगळं ठीक आहे असं सगळ्यांना वाटत राहतं, आणि प्रत्यक्षात आपण महिनोन् महिने एकाच पंपावर जगत असतो.

या सोसायटीत नेमकं हेच झालं होतं. ते मला कुणी सांगितलं नाही, खड्ड्याच्या भिंतीने सांगितलं. पंप चालू-बंद होत राहिले की ज्या पातळीवर पाणी वळतं तिथे भिंतीवर चिखलाची रेघ उमटते. ती सत्तरवर असायला हवी होती. टॉर्च मारून पाहिलं तर ठळक रेघ पंच्याऐंशीवर होती आणि सत्तरची जुनी रेघ पुसट होऊन शेवाळली होती. पाणी कित्येक दिवस, कदाचित कित्येक महिने, पंच्याऐंशीपर्यंत चढूनच उतरत होतं. पहिला पंप वर काढला तेव्हा त्याच्या पंख्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचा पिळा घट्ट बसलेला निघाला.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. एक पंप कायम ड्यूटी आणि दुसरा कायम स्टँडबाय ठेवायचा नाही. पॅनेलमध्ये पाळी बदलणारा रिले घालायचा, म्हणजे प्रत्येक खेपेला ड्यूटी आणि स्टँडबाय यांची अदलाबदल होते. दोघेही चालते राहतात, बसून बसून कुणाचं सील सुकत नाही. या अदलाबदलीमुळे प्रत्येक मोटर निम्म्याच वेळा चालू होते, मग खड्डा निम्मा का करू नये, असा हिशेब काही हुशार मंडळी मांडतात. तो कागदावर बरोबर आहे. पण ज्या रात्री एक पंप पडतो त्या रात्री सगळा भार एकावर येतो, आणि खड्डा नेमका त्या रात्रीसाठीच बांधलेला असतो.

आणखी एक वाईट सवय. पंपांची किंमत वाचवायला निम्म्या-निम्म्या पाण्याचे दोन पंप घ्यायचे आणि एकाला स्टँडबाय म्हणायचं. जोराच्या पावसात दोन्ही लागत असतील तर स्टँडबाय कुणीच नाही, दोघेही ड्यूटीवर आहेत. स्टँडबाय म्हणवणाऱ्या पंपाला एकट्याला पूर्ण पाणी पेलता आलं पाहिजे. आणि दोन्ही पंपांचं पाणी एकाच पाइपात सोडताना प्रत्येकाला स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. नाहीतर चालू पंपाने उपसलेलं पाणी बंद पंपातून पुन्हा खड्ड्यात पडतं आणि एकाच पाण्याची रात्रभर प्रदक्षिणा चालते. हा व्हॉल्व्ह अडकला आहे का, हे कानाने कळतं. पंप थांबल्यावर मिनिटभर शांत उभं राहायचं. खड्ड्यात पाणी धबाधबा कोसळल्याचा आवाज आला तर व्हॉल्व्ह बसत नाही.

पण हे सगळं मान्य केलं तरी त्या रात्रीचं कोडं सुटत नव्हतं. पहिला पंप मेलेला होता, पण दुसरा तर जिवंत होता. वॉचमनने सांगितलं, "हूटर वाजला, मी लगेच खाली गेलो साहेब. पंपाचा हिरवा दिवा लागलेला होता. आवाजही येत होता. मग मी म्हटलं, चालू तर आहे, ओढेल पाणी." त्याचं काही चुकलं नव्हतं. दिवा खोटा बोलत नव्हता, अर्धंच सांगत होता. मोटरला वीज मिळते आहे एवढंच त्या दिव्याला कळतं. पाणी हलतं आहे की नाही, ते त्याला कळत नाही.

मी घड्याळ लावलं. पाणी सत्तरपर्यंत चढू दिलं आणि दुसरा पंप चालू केला. पाझर अगदी थोडा होता, म्हणजे तीस सेंटिमीटर उतरायला दीड मिनिटाच्या जरा वर वेळ लागायला हवा. तेवढाच लागला. पंप ठणठणीत.

मग सहज विचारलं, "त्या रात्री वीज गेली होती का?" गेली होती. जनरेटर लागला होता. "आणि लिफ्ट?" सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "लिफ्टचं काय विचारता, जनरेटरवर ती चाललीच नाही. मेंटेनन्सवाल्याला चार फोन केले." इथे दिवा पेटला, माझ्या डोक्यात. उन्हाळ्यात जनरेटरची केबल बदलली होती. तीन फेजच्या तीन तारांपैकी दोन आपसात बदलल्या की मोटर उलटी फिरते. लिफ्टच्या पॅनेलमध्ये फेजचा क्रम तपासणारा रिले असतो. क्रम उलटा दिसताच तो लिफ्ट थांबवतो, म्हणून लिफ्ट चालली नाही. पंपाच्या पॅनेलमध्ये तो रिले नव्हता. पंप उलटा फिरला, घुमला, हिरवा दिवा दाखवला आणि पाणी जेमतेम वर ढकलत राहिला. वीज कंपनीच्या विजेवर तोच पंप शहाण्यासारखा सुलट फिरत होता, त्यामुळे दिवसा तपासणाऱ्या प्रत्येकाला तो निर्दोष सापडला. आम्ही जनरेटर लावून पुन्हा घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली तरी पातळी चार बोटंही उतरली नव्हती.

म्हणजे खड्डा योग्य मापाचा, पंप योग्य, पाइप योग्य. चूक होती ती दोन तारांची आणि एका पिशवीची. दोन्ही कळल्या नाहीत, कारण इशारा एकच होता आणि तोही सव्वाचार मिनिटं आधी मिळणारा.

हूटरबद्दल दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. तो पंपांच्या पॅनेलमधूनच वीज घेत असेल तर पॅनेल ट्रिप होताच हूटरही मुका होतो. म्हणजे नेमका लागतो तेव्हाच नसतो. त्याला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा वेगळा फ्लोट हवा. फ्लोट म्हणजे केबलला लटकणारा पोकळ गोळा, पाण्याबरोबर उचलला की आतला स्विच बदलतो. पंपांचे फ्लोट शिडीत किंवा एकमेकांच्या केबलमध्ये अडकतात, त्यांच्यावर तेलकट चिखल बसतो. त्यामुळे ज्या फ्लोटच्या चुकीचा इशारा द्यायचा त्याच फ्लोटवर हूटर अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही. आणि हूटर खड्ड्याशेजारी नव्हे, वॉचमनच्या खोलीत वाजायला हवा. पंपांचं पॅनेलही तळघराच्या भिंतीवर नको. ते जमिनीच्या पातळीवर हवं, नाहीतर पूर आल्यावर सर्वांत आधी तेच बुडतं. तसं बुडालेलं पॅनेल सुरू करायला गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका असतो. खड्ड्यातही कुणी सहज म्हणून उतरू नये. बंद खड्ड्यातली हवा घातक असू शकते, म्हणून पंप नेहमी साखळीने वर ओढून काढतात.

आता या सगळ्या हिशेबाची मर्यादा. पंप रॅम्पवर पडणाऱ्या पावसासाठी आहे, रस्त्यावरून आत घुसणाऱ्या पाण्यासाठी नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती क्षमता ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली. आपण पंप धरला तासाला १२० च्या वेगावर. म्हणजे आपल्या पंपाची खरी कसोटी लागेल तेव्हा बाहेरचा रस्ता बहुधा आधीच तुंबलेला असेल. सहा मीटर रुंद रॅम्पच्या माथ्यावरून फक्त पाच सेंटिमीटर जाडीचं पाणी आत ओसंडू लागलं तर मिनिटाला जवळपास सात हजार लिटर आत येतं. आपले दोन्ही पंप मिळून, तेही सामाईक पाइपातलं वाढलेलं घर्षण न मोजता, १,२०० च उपसतील. वर त्यांनी उपसलेलं पाणी त्याच तुंबलेल्या रस्त्यावर पडून पुन्हा रॅम्पनेच खाली येईल. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले. तशा पाण्याला उत्तर पंप नव्हे. रॅम्पच्या माथ्यावर रस्त्यापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर उंच उंचवटा हवा, म्हणजे गाडी आधी थोडी चढेल आणि मग खाली उतरेल. तोही कमी पडेल अशा जागी फळ्या अडकवून बंद करता येणारा दरवाजा. आणि पाणी शिरायला लागलं की गाडी वाचवायला खाली जायचं नाही, वर यायचं.

खड्डा दुप्पट करण्याचा ठराव कमिटीने मागे घेतला. जनरेटरच्या दोन तारा बदलल्या, पंपांच्या पॅनेलमध्ये फेज तपासणारा आणि पाळी बदलणारा असे दोन रिले बसवले, वॉचमनच्या खोलीत पिवळा दिवा आणि बॅटरीवरचा हूटर आला, नालीच्या तोंडाशी पिशव्या अडवणारी जाळी लागली. रॅम्पच्या उंचवट्यावर अजून चर्चा चालू आहे, कारण एका सभासदाची गाडी खालून घासेल अशी त्यांना भीती आहे.

तुमच्या इमारतीत तळघर असेल तर मे महिन्यात एका रविवारी हे करा. फायर होजने संपात पाणी सोडून पातळी पहिल्या पंपाच्या फ्लोटपर्यंत चढवा, मग होज बंद करा. एकेक पंप आळीपाळीने चालवा आणि मोबाइलच्या घड्याळात वेळ लावा. मग मेन स्विच बंद करून जनरेटरवर हेच पुन्हा करा. चार आकडे मिळतील. ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा.